‘क्षमता १०००’ लिहिण्याआधी

तुळशीची लग्ने जवळ आली की आपल्या व्यवसायात रिकाम्या तारखांच्या जाहिराती सुरू होतात. कार्यालयाचा सजवलेला फोटो, त्याखाली ‘काही मोजक्या तारखा शिल्लक, क्षमता १०००, भव्य पार्किंग, केटरिंगची सोय, आजच संपर्क साधा’ असा मजकूर, आणि तो व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर किंवा इन्स्टाग्रामवर. या मजकुरातला सर्वांत अडचणीचा शब्द आहे ‘क्षमता १०००’. लग्नाच्या दिवशी होणाऱ्या बहुतेक कुरबुरींचे मूळ या आकड्यात असते, म्हणून या अंकात त्याविषयीच लिहीत आहोत.

नेहमी आढळणाऱ्या मापाचे एक कार्यालय धरू. मुख्य हॉल ६० फूट बाय १०० फूट, म्हणजे ६,००० चौरस फूट. व्यासपीठ आणि त्यापुढे अंतरपाट धरायला, करवल्या-मामांना उभे राहायला लागणारी मोकळी जागा यांत सुमारे १,५०० चौरस फूट जातात. उरलेल्या ४,५०० चौरस फुटांत खुर्च्यांच्या रांगा आणि मधल्या वाटा धरून माणशी १० चौरस फूट लागतात. म्हणजे बसायला साडेचारशे माणसे. खुर्च्या याहून दाटीने मांडता येतात, पण मग अक्षता वाटणाऱ्याला रांगेत शिरता येत नाही, आणि आणीबाणीत दाराकडे जायला वाट राहत नाही.

आता जेवणाचा हॉल बघा. ५० बाय ६० फूट, म्हणजे ३,००० चौरस फूट. टेबल-खुर्चीची पंगत, समोरून वाढप्यांना फिरायला जागा, हात धुण्याकडे जाणारी वाट, हे सगळे धरून माणशी १५ चौरस फूट लागतात. एका पंगतीत २०० पाने. वाढायला सुरुवात झाल्यापासून टेबले पुसून पुढची पाने मांडेपर्यंत पाऊण तास जातो. पाऊण वाजता पहिली पंगत बसली तर पावणेचारपर्यंत चार पंगती उठतात, म्हणजे ८०० माणसे जेवतात. हजार माणसे जेवायची तर पाचवी पंगत पावणेचारला बसवावी लागेल आणि साडेचारला उठेल. तोवर संध्याकाळच्या रिसेप्शनचे डेकोरेशनवाले दारात उभे असतात.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मुहूर्ताला आलेली साडेचारशे माणसे अक्षता टाकून एकदमच उठतात. त्यांतली दोनशेच आत मावतात. बाकीची जिन्यात, दारात, जेवणाऱ्यांच्या खुर्चीमागे उभी राहतात. तिसऱ्या पंगतीला बसणाऱ्याची पाळी सव्वादोनला येते. त्यात घरचे आजोबा असले की मुलीच्या वडिलांचा राग व्यवस्थापकावर निघतो, आणि तो रास्त असतो, कारण हॉल ठरवताना त्यांना एका पंगतीचा आकडा कोणी सांगितलेलाच नसतो.

म्हणून या कार्यालयाने लिहायचे ते असे: ‘बैठक ४५०, एका पंगतीत २००, दुपारी तीन तासांत चार पंगती.’ असे लिहिल्याने गिऱ्हाईक जाईल ही भीती अनेकांना वाटते. नऊशे पाने असणारे कुटुंब कदाचित जाईलही, आणि त्याने जावेच. सहाशे पाने असणाऱ्याला मात्र हाच मजकूर वाचून कळते की आपले काम तीन पंगतींत, तीनपर्यंत आटोपेल. बुफेचा आकडा वेगळा द्यावा, कारण तिथे अडचण जागेपेक्षा काउंटरच्या रांगेची असते. आणि बैठकीचा आकडा कोणत्याही परिस्थितीत अग्निशमन दलाच्या दाखल्यातल्या आकड्याहून मोठा नसावा.

पार्किंगचेही असेच मोजमाप करावे. वळायच्या जागेसह एका मोटारीला अंदाजे २५० चौरस फूट धरतात. १२,००० चौरस फुटांच्या आवारातले ९,००० मोटारींना दिले तर ३६ मोटारी, उरलेल्यात १२० दुचाकी. ‘आवारात ३६ मोटारी, १२० दुचाकी’ हे ‘भव्य पार्किंग’पेक्षा किती तरी उपयोगाचे. वऱ्हाडाची बस फाटकातून आत येते का आणि येत नसेल तर कुठे थांबते, हे एका वाक्यात सांगावे. बाहेरगावच्या पक्षाचा पहिला फोन बहुधा यासाठीच असतो.

केटरिंगबद्दल ‘सोय आहे’ म्हणणे पुरेसे नाही. आपलाच केटरर घेणे बंधनकारक आहे की बाहेरचा चालतो, हे आधी लिहा. बाहेरचा चालत असेल तर स्वयंपाकघराचे भाडे, गॅस आणि ओल्या कचऱ्याचा आकार वेगळा आहे का, तेही लिहा. त्याच्याकडे एफएसएसएआयचा परवाना हवा, ही अट आधीच कळलेली बरी. आपला केटरर असेल तर किमान किती ताटांचे पैसे द्यावे लागतील, तो आकडा द्या. ताटांची मोजणी कशी होते आणि घरचे लाडू-चिवडे आणू देता का, हे करारपत्रात असतेच. जाहिरातीत तेवढी जागा नसते.

तारखांच्या बाबतीत दोन गोष्टी. वर्ष आणि वार दोन्ही लिहा, कारण जाहिरात पुढे पाठवली जाते आणि महिनोन्‌महिने फिरत राहते. ‘मुहूर्ताच्या तारखा’ असे मात्र लिहू नये. मुहूर्त पत्रिका बघून ठरतो, पंचांगापंचांगांत फरक असतो आणि काढीव मुहूर्तावरही लग्ने होतात. फोटोवरच ‘ही माहिती अमुक दिवसापर्यंतची’ अशी ओळ टाका. इन्स्टाग्रामवरचा मजकूर तारीख गेल्यावर दुरुस्त करता येतो, दुसऱ्याच्या फोनवर पोचलेला फोटो करता येत नाही.

सगळे एकत्र केले की मजकूर असा होतो:

‘शिल्लक तारखा (१० ऑक्टोबरपर्यंतची माहिती): रवि. ६ डिसें. २०२६ फक्त संध्याकाळ, बुध. ९ आणि गुरु. १० डिसें. २०२६ पूर्ण दिवस. बैठक ४५०, एका पंगतीत २००, तीन तासांत चार पंगती. आवारात ३६ मोटारी, १२० दुचाकी, बस फाटकाबाहेर. केटरिंग आमचे, किमान ३०० ताटे. पाहणी सोम. ते शुक्र. ११ ते १ व ५ ते ७, वेळ ठरवून. व्हॉट्सॲपवर नाव, हवी ती तारीख आणि अंदाजे पाहुणे कळवा. पाहणीने तारीख राखली जात नाही, ॲडव्हान्स जमा झाल्यावरच राखली जाते.’

फोनवर सुरुवातीच्या ओळीच दिसतात आणि बाकीचा मजकूर दडतो, म्हणून तारखा आधी. शेवटचे वाक्य तर गाळूच नये. एकाच दिवशी तीन कुटुंबे हॉल बघून जातात, प्रत्येकाला वाटते की तारीख आपली झाली. एखाद्याला घरी विचारायला मुदत द्यायचीच असेल तर ती सर्वांना सारखी ठेवा, समजा ४८ तास, आणि त्याच क्षणी बुकिंगच्या डायरीत नाव नोंदवा. डायरी एकच असावी. मालकाच्या फोनमध्ये एक आणि व्यवस्थापकाच्या टेबलावर दुसरी, हीच एका तारखेला दोन लग्ने लागण्याची सरळ वाट आहे.

पाहणीची वेळही विचार करून ठेवा. पंगत चालू असताना परक्या माणसांना जेवणाच्या हॉलमधून फिरवणे त्या दिवशीच्या यजमानांना आवडत नाही. पाहणीला येणाऱ्यांना व्यासपीठाआधी जेवणाचा हॉल, वधूपक्षाच्या खोल्या आणि ज्येष्ठांसाठीचा रॅम्प दाखवा.

या हंगामाच्या तारखा जाहीर करण्याआधी आपल्या जेवणाच्या हॉलमध्ये टेप धरा, एक पंगत प्रत्यक्ष मांडून पाने मोजा, आणि येईल तोच आकडा लिहा.