अर्ध्या बँडचा भाव

आयेल्ट्सचा निकाल हल्ली दोन-चार दिवसांत हाती पडतो. रायटिंगपुढे 6.5 दिसले की त्याच संध्याकाळी पुढची तारीख शोधायला घेतली जाते. क्लासमधूनही सल्ला मिळतो तो हाच: अर्धाच बँड राहिलाय, हात गरम आहे तोवर परत बसून टाका. या सल्ल्याची किंमत 17-18 हजार रुपये फी. ती भरण्याआधी हा अर्धा बँड नेमका कुठला आणि तो मिळाल्याने काय बदलणार, हा हिशेब मांडणारे फार थोडे. तो मांडायला कागदाची एक बाजू पुरते.

चिंचवडच्या एका अभियंतीचे उदाहरण घेऊ. नाव नको, अशा शंभरजणी असतील. वय 29, लग्न झालेले नाही, एम.टेक., चार वर्षे नोकरी. कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्रीत अर्ज करायचा आहे. गुण असे आले: लिसनिंग 8, रीडिंग 7.5, रायटिंग 6.5, स्पीकिंग 7.5. चारांची बेरीज 29.5, सरासरी 7.375. आयेल्ट्स ही सरासरी जवळच्या अर्ध्या बँडवर नेते, म्हणून एकूण बँड 7.5. घरात पेढे वाटायला हरकत नाही असा निकाल.

पण कॅनडा हा एकूण बँड बघतच नाही. तिथे चारही भाग सुटे मोजले जातात. प्रत्येक भागाचा बँड आधी सीएलबी नावाच्या कॅनडाच्या स्वतःच्या पातळीत बदलला जातो आणि मग त्या पातळीला गुण मिळतात. रायटिंगचे 6.5 म्हणजे सीएलबी 8, तर 7 म्हणजे सीएलबी 9. एकट्या अर्जदाराला एका भागातल्या सीएलबी 8 साठी 23 गुण आहेत, सीएलबी 9 साठी 31. म्हणजे वरवर पाहता फरक आठ गुणांचा. खरी गोम पुढे आहे. शिक्षण आणि परदेशातला अनुभव यांना भाषेशी जोडून वेगळे गुण दिले जातात, आणि ते पूर्ण मिळायचे तर चारही भागांत सीएलबी 9 लागते. एक भाग जरी खाली राहिला तरी शिक्षणाचे 50 चे 25 होतात, अनुभवाचेही 50 चे 25. आठ आणि हे पन्नास मिळून आपल्या अभियंतीचे 58 गुण त्या एका अर्ध्या बँडपाशी अडकले आहेत. अर्जदारांना गुणांनुसार लावणाऱ्या यादीत दोन-चार गुणांवरून माणसे महिनोन्महिने ताटकळतात, हे लक्षात घेतले की 58 म्हणजे काय ते कळते.

आता तोच अर्धा बँड दुसरीकडे वाढवून पाहा. लिसनिंग 8 चे 8.5 झाले तर तीन गुण वाढतील. रीडिंग 7.5 चे 8 झाले तरी तीनच. स्पीकिंग 7.5 चे 8 झाले तर एकही गुण वाढणार नाही, कारण कॅनडाच्या तक्त्यात स्पीकिंगची कमाल पातळी 7.5 लाच गाठली जाते. आणि गंमत म्हणजे रायटिंग 7 झाले तरी बेरीज 30 होऊन एकूण बँड 7.5 च राहील. निकालपत्रावरचा ठळक आकडा जागचा हलणार नाही, अर्ज मात्र कुठल्या कुठे जाईल.

विद्यापीठांचे बरोबर उलटे. तिथे बहुधा एकूण 6.5 आणि कुठल्याही भागात 6 च्या खाली नको, अशा धर्तीची अट असते. अशा वेळी सरासरीचे हे जवळच्या अर्ध्यावर नेणे फार महत्त्वाचे ठरते. लिसनिंग 6.5, रीडिंग 6.5, रायटिंग 6, स्पीकिंग 6 असेल तर सरासरी 6.25 येते आणि ती वर उचलून 6.5 होते. हेच लिसनिंग 6 वर थांबले तर सरासरी 6.125, आणि ती खाली येऊन 6. लिसनिंगमध्ये 40 प्रश्न असतात. 6 आणि 6.5 यांच्या सीमेवर असलेल्याचा एक प्रश्न हुकला, स्पेलिंग चुकले म्हणून का होईना, तर त्या भागाचा अर्धा बँड जातो आणि त्याच्यामागून एकूण अर्धा बँडही जातो. प्रवेश मिळालेला आणि नाकारलेला अशा दोघांच्या इंग्रजीत एका स्पेलिंगएवढाच फरक असू शकतो.

परीक्षा घेणाऱ्यांना हे ठाऊक नाही असे नाही. त्यांनीच प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार लिसनिंग आणि रीडिंगच्या मापनातली प्रमाणित चूक बँडच्या 0.4 च्या थोडी खाली आहे. साध्या भाषेत, इंग्रजी तसूभरही न बदलता तुम्ही पुन्हा बसलात तर एखाद्या भागात अर्धा बँड इकडे-तिकडे होणे अगदी स्वाभाविक आहे. त्यात कोणाची लबाडी नाही की नशिबाचा खेळ नाही. कुठलीही परीक्षा याहून फार बारीक मोजू शकत नाही. अडचण पुढे सुरू होते. मोजणारा सांगतो की माझ्या मापाला एवढी ढिलाई आहे, आणि ते माप वापरणारी सरकारे व विद्यापीठे मात्र रेघ मारताना ती ढिलाई विसरून जातात. रेघेच्या अलीकडे 58 गुण नाहीत, पलीकडे आहेत.

याचा एक परिणाम उघडपणे बोलला जात नाही. ज्याची पातळी अगदी रेघेवर आहे त्याला दर खेपेला पार होण्याची संधी साधारण निम्मी. तो तीनदा बसला तर एकदा तरी पार होण्याची शक्यता आठात सात. परीक्षेला कितीही वेळा बसता येते, आणि कोणता निकाल दाखवायचा हे बसणारा ठरवतो. म्हणजे पन्नासेक हजार रुपये ज्याच्याकडे मोकळे आहेत त्याला अर्धा बँड जवळजवळ विकत घेता येतो, आणि ज्याने पहिल्या फीसाठीच उसनवारी केली त्याला येत नाही. इंग्रजी दोघांचे सारखेच.

मग आपल्या अभियंतीने सरळ पुढच्या आठवड्याची तारीख घ्यावी का? तर नाही, आणि त्याचे कारण रायटिंगपेक्षा लिसनिंगमध्ये दडले आहे. कॅनडाला चारही भागांचे गुण एकाच निकालपत्रात हवे असतात. जुन्या निकालातले लिसनिंग आणि नव्यातले रायटिंग अशी जोडाजोड चालत नाही. सीएलबी 9 साठी लिसनिंगला 8 लागतात, म्हणजे 40 पैकी साधारण 35 उत्तरे बरोबर. घरच्या सरावात तिची 37-38 येत असतील तर ती बाजू सुरक्षित आहे. पण 34 ते 36 मध्ये हेलकावे खात असतील तर मागच्या वेळचे 8 मापाच्या ढिलाईतूनच आलेले असू शकतात. दोन्ही भाग रेघेवर असले तर दोन्ही एकाच दिवशी जमण्याची शक्यता निम्म्याची निम्मी, म्हणजे चारात एक. रायटिंगला 7 आले आणि लिसनिंग 7.5 वर घसरले, असे निकाल घेऊन डोके धरून बसलेली मुले कुठल्याही क्लासात भेटतात. फक्त एकच भाग पुन्हा देण्याचीही सोय निघाली आहे, मूळ परीक्षेपासून 60 दिवसांच्या आत. पण ती सगळ्यांना मान्य नाही, तेव्हा ज्यांच्याकडे निकाल द्यायचा त्यांच्याच संकेतस्थळावर ते आधी पाहावे, क्लासच्या फलकावर नव्हे.

आधी करण्याजोगी गोष्ट म्हणजे फेरतपासणी. परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांत ती मागता येते आणि बँड बदलला तर तिची फी परत मिळते. लिसनिंग-रीडिंगसाठी तिचा फारसा उपयोग नाही, कारण तिथे उत्तर बरोबर असते किंवा चूक. रायटिंग माणूस तपासतो, निबंध चार निकषांवर तोलला जातो आणि दोन परीक्षकांत मतभेद व्हायला वाव असतो. बाकी तीन भाग साडेसात-आठच्या घरात आणि रायटिंग एकटेच एक बँड मागे, असा निकाल असेल तर फेरतपासणी मागावीच. मात्र सरावात तपासून घेतलेले निबंधही 6.5 च्याच आसपास येत असतील तर त्या अर्जाकडून फार आशा नको.

आणि ते तसे येत असतील तर पुढची परीक्षा निदान दोन महिने लांब ठेवावी. रायटिंगचे 6.5 अनेकदा असे बनलेले असते: मुद्दे आणि शब्दसंपदा यांना 7, मांडणी आणि व्याकरण यांना 6. यातले व्याकरण घरी मोजता येते. जाहीर केलेल्या निकषांत 7 ला बिनचूक वाक्ये वारंवार दिसली पाहिजेत असे म्हटले आहे. 6 ला चुका चालतात, फक्त अर्थ अडता कामा नये. आपला ताजा निबंध घ्यावा, एका जाणकाराकडून लाल पेनने तपासून घ्यावा आणि एकही लाल खूण नसलेली वाक्ये मोजावीत. वीस वाक्यांत अशी सात-आठच निघाली तर तारीख बदलून काही होणार नाही. मराठी माणसाच्या निबंधात या खुणा बहुतेक ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांपाशी, एकवचनी कर्त्यानंतर क्रियापदाला लागणाऱ्या ‘एस’पाशी आणि स्वल्पविरामाने जोडून टाकलेल्या दोन पूर्ण वाक्यांपाशी सापडतात. या चुका ठरलेल्या असतात, म्हणूनच दोन महिन्यांत आटोक्यात येतात. ‘आजच्या आधुनिक युगात’ छापाची पाठ केलेली सुरुवात मात्र तशीच ठेवून वर अवघड शब्द पेरण्यात जे दोन महिने जातात, ते फुकट जातात. रायटिंगमध्ये दुसरा प्रश्न पहिल्याच्या दुप्पट वजनाचा असतो, तेव्हा कष्टही त्याच मापाने वाटावेत.

दोन वेळा बसून दोन्ही वेळा 6.5 च आले असेल तर ती हुकलेली संधी समजू नये. ती सध्याची पातळी आहे. तिसऱ्यांदा जायचे ते लाल खुणा कमी झाल्याचे डोळ्यांनी पाहिल्यावरच. थांबण्याची भीती वाटते ती वयाची. एक्स्प्रेस एन्ट्रीत एकट्या अर्जदाराला 29 पर्यंत वयाचे 110 गुण आहेत आणि तिसावा वाढदिवस उलटला की 105. म्हणजे दोन-तीन महिने थांबताना मध्ये वाढदिवस आला तरी आपल्या अभियंतीचे जाणार पाच, आणि पणाला लागलेले आहेत 58.