घड्याळ मागे, व्यवहार बंद

आकुर्डीत खंडोबा माळाजवळ आमच्या परिचयातील एका कुटुंबाचे नट-बोल्ट आणि बेअरिंगचे दुकान आहे. घरच्या लग्नासाठी सारे कुटुंब चार दिवस गावी गेले होते. जाताना काकांनी जुन्या शिस्तीप्रमाणे दुकानाचा मेन स्विच बंद केला. परत आले ती सकाळ महिन्याच्या 20 तारखेची, म्हणजे जीएसटीचे 3बी विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवसाची होती.

धाकट्या चिरंजीवांनी संगणक सुरू केला. जीएसटीचे संकेतस्थळ उघडेना, बँकेचे उघडेना, ई-मेलही उघडेना. सगळीकडे धोक्याचा इशारा देणारे तेच पान येई. दुरुस्ती करणाऱ्या ओळखीच्या एका गृहस्थाला फोन केला. तो म्हणाला, "अँटिव्हायरस अडवत असेल, काढून टाका." तो काढला, तरी फरक पडला नाही. मग सल्ला आला, "इशाऱ्याकडे लक्ष देऊ नका, पुढे जा म्हणून बटण दाबा." बँकेच्या पानावर असे बटण दाबण्याचा धीर काकांना झाला नाही, आणि ते योग्यच झाले. दुपारी त्यांनी मला बोलावले.

मी त्या पानाच्या तळाशी पाहिले. तेथे बारीक अक्षरांत लिहिले होते:

```
NET::ERR_CERT_DATE_INVALID
```

मधला `DATE` हा शब्दच सारे सांगत होता. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात तारीख होती 1 जानेवारी 2019. दुकानात भिंतीवर मोठे घड्याळ असल्याने संगणकाच्या कोपऱ्याकडे कोणी पाहतच नसे.

तारीख चुकली म्हणून बँकेचे पान का अडावे? आपल्या नित्याच्या व्यवहारातील चेक आठवा. चेकवरील तारीख अजून आलेली नसेल, तर बँक तो वटवत नाही. तारखेला तीन महिने उलटून गेले असतील, तरीही वटवत नाही. संकेतस्थळाजवळही असेच एक प्रमाणपत्र असते. 'हे स्थळ खरोखर त्याच बँकेचे आहे' अशी ग्वाही ते देते आणि त्यावर 'या दिवसापासून' व 'या दिवसापर्यंत' अशा दोन तारखा असतात. पान उघडण्यापूर्वी ब्राउझर त्या दोन तारखा आपल्याच संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. काकांच्या संगणकाच्या लेखी 2019 साल चालू होते; त्यामुळे आजची सारी खरी प्रमाणपत्रे त्याला पुढील तारखेच्या चेकसारखी दिसत होती. चेक खरा, खाते खरे; कारकुनाच्या टेबलावरचे कॅलेंडर मात्र जुने, असा हा प्रकार.

ब्राउझर दरवेळी हे स्पष्ट सांगतो असे नाही. कधी `Your clock is behind` असे सरळ लिहून येते, तर कधी केवळ `Your connection is not private` असे मोघम वाक्य दिसते. म्हणून ओळखण्याची खूण लक्षात ठेवावी. एकच स्थळ अडत असेल, तर दोष बहुधा त्या स्थळाचा. एकमेकांशी संबंध नसलेली अनेक स्थळे एकाच वेळी अडत असतील आणि त्याच वायफायवर मोबाईलमध्ये ती सुरळीत उघडत असतील, तर प्रथम आपल्या संगणकाची तारीख पाहावी. त्यातही साल अवश्य पाहावे. तास-मिनिटे जुळतात आणि साल चुकलेले राहते, असेही घडते.

घड्याळ चुकले कशाने? संगणकाच्या मुख्य पाटीवर रुपयाच्या नाण्याएवढा 3 व्होल्टचा एक सेल असतो. त्यावर `CR2032` असे कोरलेले असते. वीज नसताना घड्याळ चालते ठेवणे हे त्याचे काम. संगणक बंद केला तरी भिंतीवरचे बटण चालू असेल, तर थोडी वीज आत जात राहते आणि घड्याळ तिच्यावर चालते. त्यामुळे सेल संपला तरी महिनोन् महिने कळत नाही. काकांनी चार दिवस मेन स्विच बंद ठेवला, तेव्हा मेलेला सेल उघडा पडला आणि घड्याळ कारखान्यातून आलेल्या मूळ तारखेवर जाऊन बसले.

इंटरनेट जोडलेले असता घड्याळ आपोआप का सुधारले नाही, हा चिरंजीवांचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर असे, की घरगुती विंडोज संगणक सहसा 15 तासांपर्यंतचाच फरक स्वतः भरून काढतो. त्याहून मोठा फरक दिसला, तर मिळालेल्या वेळेवरच तो शंका घेतो आणि काही करत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी 'सेटिंग्ज'मध्ये जाऊन तारीख, साल आणि वेळ हाताने बरोबर करावी. मग टाइम झोन `(UTC+05:30) Chennai, Kolkata, Mumbai, New Delhi` हाच आहे ना, ते पाहावे. कारण प्रमाणपत्रावरील वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, आणि झोन चुकीचा असेल तर घड्याळ दिसायला बरोबर असूनही हिशेब चुकतो. शेवटी `Sync now` हे बटण दाबावे.

एवढे केले, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला, आणि तिन्ही स्थळे उघडली. विवरणपत्र त्याच दिवशी गेले. राहिले असते, तर दररोज 50 रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वार्षिक 18 टक्के दराने व्याज पडले असते. काढलेला अँटिव्हायरस आम्ही परत बसवला आणि दुसऱ्या दिवशी नवा सेलही घातला. सेल न बदलता केवळ तारीख सुधारली असती, तर पुढच्या वेळी वीज जाताच हाच खेळ पुन्हा झाला असता.

दोन गोष्टी मात्र निघण्यापूर्वी काकांना आवर्जून सांगितल्या. पहिली, त्या सकाळी काढलेली बिले तपासावीत. बिलाचा प्रोग्राम संगणकाची तारीख घेणारा असेल, तर बिलावर जुने साल छापले जाते. त्यांची दोन बिले तशी निघाली होती. माल बाहेर पडण्यापूर्वी ती रद्द करून नवी काढली. दुसरी, तारीख, साल आणि झोन बरोबर असूनही इशारा आला, तर तो खरा मानावा. अशा वेळी घड्याळ मागे सरकवून पान उघडू पाहणे म्हणजे मुदत संपलेला चेक वटावा म्हणून कॅलेंडर फिरवणे होय.

हा प्रसंग यापुढे अधिक वेळा येईल. 2020 च्या सप्टेंबरपासून नव्या प्रमाणपत्राची कमाल मुदत 398 दिवस करण्यात आली. 15 मार्च 2026 पासून ती 200 दिवस आणि 15 मार्च 2029 पासून अवघे 47 दिवस असे ठरले आहे. मुदत जितकी आखूड, तितकी घड्याळाची लहान चूकही लवकर नडणार. तेव्हा सुट्टीवरून परतल्यावर दुकानाचे कुलूप उघडाल, तेव्हा संगणकाच्या कोपऱ्यातील साल आधी वाचावे, आणि मगच पहिले बिल काढावे.