सरळ रेषेचा भरवसा किती?

कर्मचारी संख्येचा प्रश्न निघाला की प्रशासन आलेख पुढे करते. मागील काही वर्षांचे आकडे, त्यांतून ओढलेली एक सरळ रेषा, आणि तीच रेषा पुढे वाढवून काढलेली ‘गरज’. ही रेषा कशी निघते व कुठवर चालते, हे आमच्या प्रत्येक शाखा कार्यकर्त्याला ठाऊक हवे.

रेल्वेचेच आकडे घेऊ. एकूण कर्मचारी १९५०-५१ साली सुमारे ९.१ लाख, १९६०-६१ साली ११.६, १९७०-७१ साली १३.७ आणि १९८०-८१ साली १५.७ लाख होते. यांची सरासरी १२.५ लाख. चार वर्षांना अनुक्रमे -३, -१, १, ३ असे क्रमांक द्यावेत. प्रत्येक क्रमांकाने त्या वर्षाच्या आकड्याला गुणून बेरीज करावी; ती २१.९ येते. क्रमांकांच्या वर्गांची बेरीज २०. भागाकार सुमारे १.१. क्रमांकाचे एक घर म्हणजे पाच वर्षे, म्हणून दर दशकाला वाढ सुमारे २.२ लाख. झाली रेषा तयार.

ही रेषा १९९०-९१ साठी १८ लाख सांगते. प्रत्यक्षात होते १६.५ लाख. २००० - ०१ साठी ती २० लाखांवर जाते. प्रत्यक्षात संख्या साडेपंधरा लाखांवर उतरली होती.

धोक्याची खूण आकड्यांत आधीच होती. पहिले व शेवटचे वर्ष रेषेच्या किंचित खाली आणि मधली दोन्ही वर्षे वर आहेत. चुका अशा ओळीने एका बाजूला पडल्या, तर आकडे सरळ नसून वाकत आहेत असे समजावे. दशकांची वाढही २.५, २.१, २.० अशी घटतच होती. मात्र पुढे वाढीची घट होईल, हे कोणत्याही रेषेतून दिसले नसते. वाफेची इंजिने गेली, रिक्त जागा भरल्या गेल्या नाहीत, कामे कंत्राटावर दिली गेली. हे निर्णय होते, आणि निर्णय आलेखात आधी उमटत नाहीत.

आता उलट बाजू पाहा. १९९०-९१ ते २०१०-११ या काळात संख्या १६.५ वरून सुमारे १३.३ लाखांवर आली. ही उतरती रेषा तशीच वाढवली, तर या शतकाच्या अखेरीस रेल्वेत एकही कर्मचारी उरत नाही! ज्या रेषेच्या टोकाला गाड्या माणसांवाचून धावतात, तिच्यावर जागा रद्द करण्याचा आधार उभा राहू शकत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे. चार आकड्यांवरून फार तर पुढच्या एका टप्प्याचा अंदाज करावा, तोही एक आकडा न देता कमाल व किमान सांगून. शाखांनी बैठकीत आलेख समोर आल्यास तीनच प्रश्न विचारावेत : रेषा कोणत्या वर्षापासून धरली, चुका कोणत्या बाजूला पडतात, आणि वाढीचे वा घटीचे कारण पुढेही तेच राहणार आहे काय? जागा रद्द झाल्यामुळे संख्या घटली असेल, तर तीच घट पुढील जागा रद्द करण्याचे कारण म्हणून आम्ही मान्य करणार नाही.