शीर्षक उताऱ्याच्या मापाचं

अपठित उताऱ्याला शीर्षक देताना मुलं बहुधा पहिल्या ओळीतलाच शब्द उचलतात. देवराईवरचा एखादा उतारा घ्या. सुरुवात ग्रामदेवतेच्या जत्रेने होते, पुढे कुऱ्हाड न लागलेली जुनी झाडं येतात, शेवटी उन्हाळ्यातही न आटणारा झरा. ‘गावची जत्रा’ हे शीर्षक पहिल्या परिच्छेदातच संपतं. ‘जंगल’ कुठल्याही जंगलाला चालेल. ‘श्रद्धेने राखलेली देवराई’ मात्र तिन्ही परिच्छेदांना पुरतं. मध्यवर्ती कल्पना विचारली, तर एवढ्यावर भागत नाही. तिथे पूर्ण विधान हवं: देवाच्या धाकाने तोड थांबली, म्हणून झाडं टिकली आणि पाणीही. हे कारण हाती लागल्यावर शीर्षक सुचणं सोपं जातं; म्हणून मी मुलांना आधी विधानच लिहायला सांगेन.