आधी पत्र, मग बँक

आज पिकावर नाही, बँकेवर लिहितोय. हळदीचा हंगाम जवळ आला की ठिबकचं कर्ज काढायला आपल्यातले बरेच जण बँकेत जातात. मीही गेल्या वर्षी गेलो होतो. एप्रिलमध्ये तीन चकरा मारल्या आणि तीनदा हात हलवत परत आलो. पहिल्या वेळी साहेब म्हणाले, सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा दिसतोय. दुसऱ्यांदा म्हणाले, खातं सामाईक आहे, भावाची संमती लागेल. भाऊ पुण्याला. तो सुट्टी काढून आला, तेव्हा कोटेशनची मुदत संपलेली. तोवर जून उजाडला आणि तीन एकर हळद पाटपाण्यावरच लावावी लागली.

तेव्हा मीही साहेबांवरच चिडलो होतो. आता माझं मत वेगळं आहे. कर्जाला उशीर मंजुरीत कमी होतो, एकेक कागद एकेका चकरेत कळण्यात जास्त होतो. म्हणून तोंडी विचारायला जाऊच नये. आधी पत्र द्यावं, भेटीची वेळ मागावी, आणि पत्रात दोन याद्या द्याव्यात: काय घेऊन येतोय आणि काय अजून नाही. दुसरी यादी आपण लाजून लपवतो. खरं तर तीच सगळ्यात कामाची.

पत्र लिहायच्या आधी स्वतःचा सातबारा नीट वाचा. डिजिटल सही असलेला उतारा महाभूमीच्या पोर्टलवर १५ रुपयांत निघतो, त्यावर वेगळी सही-शिक्का लागत नाही. वाचताना तीन जागा बघायच्या. एक, नाव आधारवर आहे तसंच आहे का. दोन, खातेदार किती. तीन, 'इतर हक्क'. माझा बोजा याच रकान्यात होता. सोसायटीचं कर्ज केव्हाच फिटलं होतं, पण नोंद कुणी कमी केलीच नव्हती. कर्ज फिटलं म्हणून बोजा आपोआप जात नाही. सोसायटीचा बेबाकी दाखला घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो, फेरफार पडतो, मग मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. महिनाभर धरूनच चाला. मी या वर्षी जानेवारीत हे काम लावलं आणि फेब्रुवारीत पत्र दिलं.

दुसरं म्हणजे रक्कम ठरवून जा. "किती मिळेल साहेब?" हा प्रश्न आपणच आपल्या पायावर मारलेली कुऱ्हाड. १ जानेवारी २०२५ पासून शेतीकर्जाला दोन लाखांपर्यंत तारण आणि मार्जिन घेऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण ही मर्यादा माणशी आहे, प्रत्येक कर्जाला वेगळी नाही. माझं किसान क्रेडिट कार्ड ८० हजारांचं. म्हणजे उरले १ लाख २० हजार. कोटेशन होतं १ लाख ४६ हजारांचं. सगळे मागितले असते तर एकूण सव्वादोन लाखांच्या वर गेलो असतो, मग गहाणखत आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट मागायला बँक मोकळी. म्हणून मी १ लाख २० हजारच मागितले, वरचे २६ हजार घरचे घातले.

पत्र शाखा व्यवस्थापकांच्या नावे लिहिलं, एक प्रत शाखेच्या कृषी अधिकाऱ्यांना दिली. ते असं होतं:

प्रति, मा. शाखा व्यवस्थापक साहेब,
विषय: ठिबक सिंचन कर्जाच्या चर्चेसाठी भेटीची वेळ मिळणेबाबत.

महोदय,
मी आपल्या शाखेचा खातेदार आहे (बचत खाते क्र. ….., किसान क्रेडिट कार्ड क्र. …..). मौजे ….. येथील गट क्र. ….. मधील १ हेक्टर २० आर क्षेत्रावर हळदीसाठी ठिबक बसवायचे आहे. त्यासाठी रु. १,२०,००० मुदत कर्ज हवे आहे. माझे सहखातेदार बंधू गुरुवार दि. ….. व शुक्रवार दि. ….. या दोनच दिवशी गावी आहेत. त्यांपैकी एका दिवशी आपली व कृषी अधिकारी साहेबांची वेळ मिळावी.

सोबत आणत असलेली कागदपत्रे:
१. चालू सातबारा व आठ-अ
२. बोजा कमी झाल्याचा फेरफार व सोसायटीचा बेबाकी दाखला
३. दोघा भावांचे आधार व पॅन, प्रत्येकी दोन फोटो
४. ठिबकचे मुदतीतले कोटेशन व अनुदानाची पूर्वसंमती
५. विहिरीची नोंद असलेला उतारा व पंपाचे वीजबिल
६. मूळ पासबुक

अद्याप नसलेली कागदपत्रे:
१. इतर बँकांचे नो ड्यूज. त्याऐवजी स्वयंघोषणापत्र चालेल का?
२. सहखातेदाराचे संमतीपत्र. आपल्या बँकेचा नमुना असल्यास द्यावा.

याशिवाय काही लागत असल्यास भेटीपूर्वी कळवावे, ही विनंती.

पत्रात एकर लिहिलं नाही, हेक्टर-आर लिहिलं, कारण बँक सातबाऱ्यावरूनच बघते. तीन एकर म्हणजे १ हेक्टर २० आर. वार निवडताना आमचा बाजाराचा सोमवार आणि महिनाअखेर टाळली. मार्चअखेरीला तर जाऊच नका.

पत्राच्या दोन प्रती नेल्या आणि एकीवर तारखेसह पोच घेतली. कुणी पोच द्यायला कां-कूं केलं तर तेच पत्र स्पीड पोस्टाने टाका, पावती जपून ठेवा.

चौथ्या दिवशी कृषी अधिकाऱ्यांचा फोन आला. नो ड्यूजच्या जागी स्वयंघोषणा चालेल म्हणाले. (ग्रामीण भागात वैयक्तिक कर्जदाराकडून नो ड्यूज मागू नये असं रिझर्व्ह बँकेने २०१५ सालीच सांगितलंय, पण आपण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.) संमतीपत्राचा नमुना व्हॉट्सॲपवर पाठवला आणि वर म्हणाले, "विहिरीत भावाचा हिस्सा असेल तर पाण्याचंही त्यातच लिहून आणा." हा मुद्दा मला सुचलाच नव्हता. नुसता गेलो असतो तर चौथी चकर ठरलेली.

गुरुवारी पाऊण तासात बोलणं आटोपलं आणि अर्ज तिथेच भरला. इथे एक लक्षात ठेवा. भेटीचं पत्र म्हणजे कर्जाचा अर्ज नव्हे. बँकेचा छापील अर्ज भरल्यावर त्याची पोच वेगळी घ्यायची. शेतीकर्ज प्राधान्य क्षेत्रात येतं, त्यामुळे अर्जाची पोच देणं बँकेला बंधनकारक आहे. दोन लाखांपर्यंतचा अर्ज किती दिवसांत निकाली काढणार हे त्या पोचेवर लिहायचं असतं आणि नाकारला तर कारण लेखी द्यायचं असतं. पोचच नसेल तर कशाच्या जोरावर विचारणार?

पत्राने सगळं सुटतं असं नाही. जुनं कर्ज थकलेलं असेल, सिबिल बिघडलेलं असेल, वारसनोंदच झाली नसेल, तर पत्र कितीही नीट लिहा, आधी ते निस्तरावं लागेल. पण ते फेब्रुवारीत कळलं तर हातात वेळ असतो. मे महिन्यात कळलं तर हंगाम जातो.

माझ्या नळ्या या आठवड्यात बेडवर पसरतील. ज्यांना यंदा कर्ज काढायचंय त्यांनी आज रात्री एवढंच करा: सातबारा काढा आणि 'इतर हक्क' वाचा. काय निघतं ते खाली लिहा.