सव्वा महिन्याची परवानगी पुरेशी नाही

पुण्याच्या पेठांतल्या घरात बाळंतीण असली की कुणीतरी मंडईकडे निघतं. डिंक, खारीक, खोबरं, अळीव, ओवा, बाळंतशेपा असं सगळं सामान त्या भागातल्या दुकानांतून पिशवीत पडतं आणि त्याच्याबरोबर सल्लेही येतात. आहाराच्या सल्ल्यांशी माझं भांडण नाही. पण ती बाई पूर्वी सकाळी सणस मैदानावर पळायला जात होती आणि आता पुन्हा जायचं म्हणते आहे, असं कळलं की तिला तीन मतं ऐकू येतात. पहिलं मत म्हणतं, पळणं आता कायमचं सोड. दुसरं म्हणतं, सव्वा महिना झाला ना, मग पळ. तिसरं म्हणतं, पळताना थोडं गळलं तर गळू दे. माझ्या मते ही तिन्ही चुकीची आहेत, आणि तिघांची चूक एकच आहे. तिच्या शरीराला आज किती भार पेलतो, हे त्यांपैकी कुणीच विचारत नाही.

पहिला पूर्वपक्ष घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा. ‘उड्या मारशील तर अंग बाहेर येईल,’ असं त्या सांगतात. ही भीती निराधार नाही. पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना ती खालून आधार देते. नऊ महिने तिच्यावर वाढतं ओझं असतं. नैसर्गिक बाळंतपणात बाळाचं डोकं तिच्यातल्या फटीतून बाहेर येतं, तेव्हा हे स्नायू आपल्या नेहमीच्या लांबीच्या कितीतरी पुढे ताणले जातात. काही बायकांत ते हाडापासून सुटतातही. धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या साधारण दीड ते अडीच पट बल परत येतं, तेही एका पायावर. सैल पडलेल्या आधारावर असे हजारो धक्के बसले तर अवयव खाली सरकू शकतात. आजीचं निरीक्षण खरं आहे.

तिचा निष्कर्ष मात्र खरा नाही. स्नायू विश्रांतीने बरा होतो, पण बळकट होतो तो कामानेच. पळणं सोडलेल्या बाईला ओझं चुकत नाही. ती सहा-सात किलोचं बाळ कडेवर घेते, मंडईतून दोन भरलेल्या पिशव्या आणते, वाड्याचा जिना चढते. हा भार कुणी मोजत नाही, म्हणून तो कुणाला धोक्याचा वाटत नाही. झोळी कमजोर ठेवून तिच्यावर हेच ओझं टाकत राहणं, ही सुरक्षितता नव्हे. योग्य क्रमाने तयारी केली तर बहुतेक बायका पुन्हा धावू शकतात.

दुसरा पूर्वपक्ष अधिक जोरदार आहे, कारण परंपरा आणि दवाखाना दोघेही त्याच्या बाजूने दिसतात. घरातला सव्वा महिना आणि डॉक्टरांची सहा आठवड्यांची तपासणी जवळजवळ एकाच वेळी येतात. शिवाय दाखले असतात. मंडईत भाजी विकणाऱ्या बायका बाळंतपणानंतर किती लवकर पाटी उचलत, हे सांगितलं जातं. जरा वाचणारे पॉला रॅडक्लिफचं नाव घेतात. जानेवारी २००७मध्ये तिला मुलगी झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली.

दाखले एकेक करून पाहू. सहा आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टर टाके, रक्तस्राव, गर्भाशयाचं आकुंचन पाहतात आणि पुढच्या गर्भधारणेबद्दल बोलतात. बाईला एका पायावर दहा उड्या मारायला कुणी सांगत नाही. त्यामुळे तिथे मिळालेला होकार रोजच्या जगण्याला असतो, धावण्याला नसतो. सिझेरियन झालेल्या बाईचंही तेच. वरची त्वचा सांधली तरी आतल्या जाड पडद्याला सहा आठवड्यांत जेमतेम निम्म्याहून थोडी अधिक ताकद आलेली असते, आणि पुढची भर पडायला महिने जातात. तिच्या झोळीनेही नऊ महिने वजन पेललेलं असतंच.

पाटी उचलणाऱ्या बायकांनी ते हौसेने केलं नाही. घर चालवायचं होतं म्हणून केलं. त्यांतल्या किती जणींना पुढे खोकताना लघवी आवरत नव्हती, कितींना संध्याकाळी खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटत होतं, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. न सांगितलेल्या दुखण्याला निरोगीपणाचा पुरावा मानता येत नाही. रॅडक्लिफच्या गोष्टीतलं मधलं पान तर नेहमीच गाळलं जातं. लवकर सराव सुरू केल्यावर तिच्या कंबरेखालच्या त्रिकास्थीला ताणामुळे तडा गेला होता आणि तिला पुन्हा थांबावं लागलं. तिचा विजय मोठा आहे, पण घाई करावी असं तो शिकवत नाही.

तिसरा पूर्वपक्ष मला सर्वांत जास्त खटकतो. ‘दोन पोरं झाली, थोडं गळायचंच, पॅड लाव आणि पळ,’ हा सल्ला पळणाऱ्या मैत्रिणीच एकमेकींना देतात. गळणं अनेकींना होतं हे खरं, पण अनेकींना होतं म्हणून ते ठीक ठरत नाही. झोळीला त्या क्षणाचा दाब पेलला नाही, एवढाच त्याचा अर्थ. ही तक्रार सरावाने बऱ्याचदा कमी होते. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगल यांनी १९४८मध्येच या स्नायूंच्या व्यायामावर लिहिलं. उपाय असताना सोसायला सांगणं हा बाईवरचा अन्याय आहे.

खंडन इथे थांबवते. आता माझा पक्ष.

सुरुवात स्नायू ओळखण्यापासून. पाठीवर झोपून गुडघे मोडायचे. वारा अडवताना आणि लघवी रोखताना जे आत-वर ओढलं जातं, तेच श्वास सोडता सोडता हळूच ओढायचं. कुल्ले आवळले, मांड्या जुळल्या किंवा श्वास कोंडला, तर चुकीचे स्नायू काम करताहेत. प्रत्यक्ष लघवी करताना धार तोडून हा सराव करू नये. आधी दोन-तीन सेकंद जमतील. वाढवत वाढवत सहा ते आठ सेकंदांची आठ-दहा आकुंचनं आणि त्यानंतर दहा झटपट आकुंचनं, असं दिवसातून तीनदा करावं. प्रत्येक आकुंचनानंतर पूर्ण सैल सोडणं तितकंच महत्त्वाचं आहे. काहींचे स्नायू आधीच आवळलेले असतात. संबंधांत दुखतं, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो. अशा बाईने आणखी आवळत बसू नये. तिने या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्यावं.

आता काळ. २०१९मध्ये ब्रिटनमधल्या गूम, डोनेली आणि ब्रॉकवेल यांनी बाळंतपणानंतरच्या धावण्यासाठी मार्गदर्शन तयार केलं. त्यांच्या मते बारा आठवड्यांआधी धावू नये आणि त्यानंतरही चाचण्या पार झाल्या तरच धावावं. यावर आक्षेप येतो की बारा हा आकडा प्रयोगांतून सिद्ध झालेला नाही. बरोबर आहे. उपलब्ध पुरावा तुटपुंजा होता आणि तज्ज्ञांच्या अनुभवाची जोड द्यावी लागली, हे त्या मार्गदर्शनातच आहे. पण ताणलेली झोळी आणि तिच्या नसा सावरायला चार ते सहा महिने लागतात, हे दिसून आलं आहे. म्हणून बारा आठवडे ही मी किमान मर्यादा मानते. त्या दिवशी पळायला लागलंच पाहिजे, असं त्यात कुठेही नाही.

हे प्रत्यक्षात कसं घडेल? शुक्रवार पेठेत राहणारी, पूर्वी आठवड्याला पंचवीस किलोमीटर पळणारी, नैसर्गिक बाळंतपण झालेली एक पहिलटकरीण डोळ्यांपुढे आणू. पहिले सहा आठवडे ती वरचा सराव आणि चालणं करते. आधी घरातल्या घरात, मग रिकाम्या हाताने मंडईपर्यंत आणि परत. सहा ते बारा आठवड्यांत खुर्चीवरून उठबस, टाचा उचलणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं येतं. हे आधी दोन पायांवर, नंतर एका पायावर. बाराव्या आठवड्यात ती चाचणी घेते. तीस मिनिटं भरभर चालणं, प्रत्येक पायावर दहा सेकंद उभं राहणं, एका पायावर दहा अर्ध्या बैठका, जागेवर मिनिटभर धावणं आणि प्रत्येक पायावर दहा उड्या. सगळं जमतं, पण उड्यांच्या वेळी लघवीचा थेंब सुटतो.

म्हणजे ती हरली असं नाही. आणखी तीन आठवडे ती ताकदीचं काम करते आणि पंधराव्या आठवड्यात पुन्हा चाचणी घेते. या वेळी कोरडी राहते. आता बाळाला पाजून ती सपाट जागी जाते. पाच मिनिटं चालल्यावर एक मिनिट हळू पळणं आणि दोन मिनिटं चालणं, असं सहा वेळा, दिवसाआड. दुसऱ्या आठवड्यात आठ वेळा. तिसऱ्यात दोन मिनिटांची पाच धावणी. एका वेळी एकच गोष्ट वाढते. आधी मिनिटं, खूप नंतर वेग आणि सर्वांत शेवटी चढउतार. पर्वतीच्या १०३ पायऱ्या उतरताना पाय सतत ब्रेक लावत असतात, म्हणून तो मोह बरेच महिने बाजूला.

चौथ्या आठवड्यात संध्याकाळी तिला खाली जडपणा जाणवतो. सकाळी धावणं फक्त दोन मिनिटांनी वाढलं होतं, मग काय बिघडलं? त्याच दिवशी तिने मंडईतून भरलेली पिशवी आणली होती आणि बाळ रात्रभर जागं होतं. शरीर धावण्याचा भार वेगळा धरत नाही. पिशवी, जिना, कडेवरचं बाळ आणि अपुरी झोप यांची तिथे बेरीज होते. ती तिसऱ्या आठवड्याच्या पायरीवर परत येते, धावायच्या दिवशी पिशवी दुसऱ्या कुणाला आणायला सांगते, आणि जडपणा जातो.

धावून झाल्यावर आणि पुढच्या चोवीस तासांत काय वाटतं, हीच रोजची परीक्षा. गळणं, जडपणा, योनीतून गोळा उतरल्याची जाणीव, जघनास्थीत किंवा कंबरेत दुखणं यांपैकी काही झालं तर एक पायरी मागे यावं. मागे येऊनही ते टिकलं तर तपासणी करून घ्यावी. थांबलेला रक्तस्राव पुन्हा सुरू झाला, किंवा जांघेत अथवा त्रिकास्थीत एका ठरावीक जागी प्रत्येक पावलाला कळ आली, तर धावणं लगेच थांबवून डॉक्टरांकडे जावं. अंगावर पाजणारी, कमी झोपणारी आणि वजन उतरवायच्या नादात कमी खाणारी बाई हाडांच्या तड्याच्या सर्वांत जवळ असते. म्हणूनच मंडईतून आलेल्या डिंकाच्या आणि अळिवाच्या लाडवांशी माझं भांडण नाही. पोटाला घट्ट बांधलेल्या पट्ट्याचा मात्र धावण्यासाठी भरवसा धरू नये. तो बाहेरून दाबतो, पण झोळीला काम शिकवत नाही.

आता जबाबदारी कुणाची? ती एकट्या बाईवर टाकणं मला मान्य नाही. सहा आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टरांनी विचारलं पाहिजे की तुम्हाला परत पळायचं आहे का, आणि खोकताना, शिंकताना, उठताना काय होतं. घरातल्यांनी धावायच्या दिवशीची पिशवी आणि रात्रीचं एक जागरण स्वतःकडे घेतलं पाहिजे. धावणाऱ्यांच्या गटांनी नव्या आईला पॅड सुचवण्याऐवजी बारा आठवडे, चाचणी आणि एक मिनिटाचं पहिलं धावणं सुचवलं पाहिजे. एवढं झालं तर ‘सोड’ आणि ‘सोस’ यांच्यापलीकडचा तिसरा रस्ता तिच्यासाठी खुला होईल, आणि तो रस्ता तिच्या हक्काचा आहे.