डाल्टनचे डोळे

नकाशांतील अरण्यें तपकिरी रंगविल्याबद्दल मीं एका विद्यार्थ्यास पूर्वीं बाकावर उभें केलें होतें. मुलगा हट्टी नव्हता. त्याला तो रंग हिरवाच दिसत होता, हें मला फार उशिरां कळलें.

असाच अनुभव जॉन डाल्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञास 1792 सालीं आला. जेरेनियमचें एक गुलाबी फूल त्याला दिवसा आकाशासारखें निळें दिसे. तेंच मेणबत्तीच्या उजेडांत पाहतांच तांबूस दिसलें. मेणबत्तीच्या प्रकाशांत निळा अंश अत्यल्प असतो, हें त्याचें कारण. इतरांना मात्र असा पालट दिसेना. दिसला तो केवळ त्याच्या भावाला! आपल्या डोळ्यांतील रस निळसर असावा व तो तांबडा प्रकाश अडवीत असावा, असा डाल्टनचा तर्क होता. मरणोत्तर डोळे तपासावे, असें त्यानें सांगून ठेवलें. 1844 सालीं तो वारल्यावर डॉ. रॅन्सम यांनीं तो रस पाहिला. तो अगदीं स्वच्छ निघाला.

दोष रसांत नव्हता, डोळ्याच्या मागील पडद्यांत होता. तेथें शंकूच्या आकाराच्या पेशी तीन प्रकारच्या असतात. एक निळ्या-जांभळ्या प्रकाशानें अधिक चेतते, दुसरी हिरव्यानें, आणि तिसरीला तांबड्याची वार्ता सर्वांत अधिक लागते. परंतु एकटी पेशी कोणताही रंग ओळखीत नाहीं. आपण किती चेतलों, एवढेंच ती कळविते. तिघींच्या वार्ता ताडून पाहून मेंदू रंग ठरवितो. तांबड्या वस्तूनें तिसरी पुष्कळ व दुसरी थोडी चेतते, पानानें दुसरी अधिक. आतां दुसरी मुळींच नसेल, तर ताडून पाहावयास उरतें काय? मंद हिरवें आणि तांबडें यांची वार्ता एकच होते. म्हणूनच लॉरेलचें पान व तांबडी लाख यांचा रंग जुळतो, असें डाल्टननें लिहून ठेवलें आहे. त्याचे जपून ठेवलेले डोळे 1995 सालीं तपासले, तेव्हां हिरव्या प्रकाशाच्या पेशीचें आनुवंशिक बीजच त्याच्यांत नाहीं, असें आढळलें.

हें बीज ज्या गुणसूत्रावर असतें, तें मुलाला मातेकडूनच मिळतें. स्त्रीजवळ तशीं दोन असल्यानें एक सदोष असलें तरी दुसरें काम भागवितें, व तिची दृष्टि बहुधा निर्दोष राहते. म्हणून बापाचा हा दोष मुलांत न उतरतां मुलीच्या द्वारें दौहित्रांत प्रकट होऊं शकतो. शंका असल्यास मुलाला रंगाचें नांव विचारूं नये; नांवें तो संवयीनें पाठ करतो. निरनिराळ्या लोकरीचे धागे पुढें टाकून सारखे वेगळे काढावयास सांगावें. तांबड्याशेजारीं तो तपकिरी वा हिरवा ठेवूं लागला, तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावें. औषध नाहीं, पण शिक्षा तरी टळेल.

त्या मुलाच्या आईस मीं विचारलें, तेव्हां ती म्हणाली, “माझे वडीलहि पिकलेला आंबा रंगावरून नव्हे, हातानें दाबूनच ओळखीत.”